आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची पोस्ट : काय लिहायचं, काय गाळायचं?

सावनी_के

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. फेसबुकवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्ट टाकायची आहे. दोघंही फेसबुकवर आहेत. आई रोज बघते, बाबा तिच्या खांद्यावरून बघतात. मी हे लिहिलंय:

"आज माझ्या आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण झाली. या काळात त्यांनी अनेक वादळे झेलली, पण एकमेकांचा हात सोडला नाही. बाबांचं दुकान बंद पडलं तेव्हा आईने बांगड्या गहाण ठेवून आमची फी भरली. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी ती रात्र-रात्र जागली. स्वतःसाठी कधीच काही मागितलं नाही. आदर्श जोडपं म्हणजे काय ते आम्ही घरातच पाहिलं. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो."

भाऊ म्हणतो बांगड्या काढ. ताई म्हणते बांगड्या काढल्या तर उरलं काय, तोच तर पोस्टचा जीव आहे. मला दोघांचंही पटतं. बांगड्या काढून वाचलं तर ही पोस्ट कुणाच्याही आई-बाबांना चालेल अशी वाटते. ठेवल्या तर आत्या, काकू आणि माझ्या ऑफिसातले लोक हे सगळं वाचणार, या विचाराने पोटात गोळा येतो. कसं करू?

मुरांबा

आई-बाबांना लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!! 🎂🎂 जोडी अशीच राहो.

टकमक_टोक

@मुरांबा, वाढदिवस रविवारी आहे हो. आणि प्रश्न वेगळा आहे. :ड

बिनधास्त_बंड्या

सावनीताई, एक शंका. आत्याने वाचू नये म्हणून बांगड्या फेसबुकवर टाकायच्या नाहीत, आणि इथे अख्ख्या महाराष्ट्राला सांगून मोकळ्या?

सावनी_के

@बंड्या, इथे माझं खरं नाव तुला माहीत आहे का? दुकान कसलं होतं ते माहीत आहे? तपशीलही थोडे फिरवलेत. आत्या इथे येत नाही, ती पाककृतींच्या ग्रुपवर असते.

नानिवडेकर_काका

आमच्या ज्ञातिमंडळाच्या मासिकाचं काम मी बरीच वर्षं बघत होतो. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, एकसष्टी यांचे मजकूर मुलं लिहून आणायची आणि छापून आल्यावर भांडणं माझ्या टेबलावर यायची. त्या अनुभवावरून सांगतो.

मी एकच गोष्ट विचारायचो. ही हकीकत ज्याची आहे त्याने ती स्वतः चारचौघांत कधी सांगितली आहे का? मुलांना सांगितली, ते धरायचं नाही. लग्नकार्यात, शेजारी, पाहुण्यांसमोर, हसत हसत सांगितली आहे का? सांगितली असेल तर लिहा, त्यांनाही आवडेल. नसेल तर ती तुमची नाही. तुम्ही तिचे साक्षीदार आहात एवढंच. बांगड्यांची गोष्ट तुमच्या आईने आत्यांसमोर कधी सांगितली आहे का?

दुसरी गोष्ट "अनेक वादळे झेलली" याबद्दल. लोकांना वाटतं हे सुरक्षित आहे, कारण त्यात काही सांगितलेलंच नाही. माझा अनुभव उलटा आहे. या एका वाक्यावर जेवढे फोन येतात तेवढे खऱ्या माहितीवरही येत नाहीत. कुठलं वादळ? म्हणजे मधे काही बिनसलं होतं का? ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते विचारायला लागतात, आणि ज्यांना अर्धवट माहीत असतं ते उरलेलं स्वतः भरतात. सांगायचं नसेल तर झाकलेली ताटलीही समोर ठेवू नये. तो विषयच सोडून दुसरी गोष्ट शोधावी.

सावनी_के

काका, नाही सांगितली. आम्हालाही तिने फार उशिरा सांगितली, तीही ताईच्या लग्नाचे दागिने बघताना.

"बांगड्या" गाळून "आमची फी कधी चुकू दिली नाही" एवढंच ठेवलं तर?

नानिवडेकर_काका

तरी तेच. फी चुकायची वेळ आली होती, हे त्यातून कळतंच की.

गोदाकाठची

मला तिसरंच वाक्य खटकलं. "स्वतःसाठी कधीच काही मागितलं नाही." प्रत्येक आईच्या पोस्टमध्ये हे असतं आणि ते कौतुक म्हणून लिहितात. तिने मागितलं नाही की तिला कुणी विचारलं नाही? माझ्या भावाने आमच्या आईबद्दल असंच लिहिलं होतं. आई वाचून म्हणाली, "मागितलं होतं की, शिवणयंत्र मागितलं होतं. दिलं नाही कुणी." तेही कमेंटमध्ये लिहायला निघाली होती, मी फोन काढून घेतला.

बाबांच्या वाट्याला कर्तबगारी आणि आईच्या वाट्याला सोसणं, अशी वाटणी या पोस्टमध्ये आपोआप होते. आई काय करते, तिला काय येतं, कशाची चीड येते, ते लिही ना.

दक्ष_नागरिक_०७

मी तर म्हणतो टाकूच नका. सायबरवाले सगळीकडून माहिती गोळा करतात. फोटो टाकला की त्यातून घराचं लोकेशन निघतं, लग्नाची तारीख मिळाली की बँक खातं साफ. ज्येष्ठ नागरिकांना किती फोन येतात बघा. फुलं द्या, जेवायला घेऊन जा, संपलं.

जुना_मदरबोर्ड

@दक्ष, काळजी बरोबर आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय. फेसबुकवर चढवलेल्या फोटोतून बघणाऱ्याला लोकेशन काढता येत नाही, तो भाग फेसबुक काढून टाकतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी तसंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र मूळ फाईल जशीच्या तशी जाते, त्यातल्या लोकेशनसकट.

खरी गळती वेगळीकडे होते. सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा फोटो. लोक हौसेने टाकतात. त्यावर चि. सौ. कां. च्या पुढे मुलीचं माहेरचं नाव-आडनाव, वडिलांचं पूर्ण नाव, गाव, कधी कधी घराचा पत्तासुद्धा असतो. आईचं माहेरचं आडनाव बँका ओळख पटवायला विचारतात. "काका, ओळखलंत का, मी अमक्या गावचा तमक्यांचा मुलगा" असं म्हणत फोन करायला एवढं सामान पुरतं.

दुसरं म्हणजे टॅग. तुम्ही "फ्रेंड्स" निवडून निर्धास्त होता, पण आई-बाबांना टॅग केलंत की त्यांच्या मित्रयादीलाही पोस्ट दिसते. आईच्या यादीत कोण कोण आहे ते एकदा बघा. आमच्या आईच्या यादीत एक बोअरवेलवाला आणि तीन अनोळखी "कर्नल" निघाले. प्रेक्षक निवडताना "कस्टम"मध्ये जाऊन टॅग केलेल्यांच्या मित्रांवरची खूण काढता येते.

आणि "आई-बाबा आजपासून आठ दिवस केरळला" हे परत आल्यावर लिहा.

बिनधास्त_बंड्या

आणि बाबांना आधी विचारून घ्या, एटीएमचा पिन लग्नाचं साल तर नाही ना. आमच्या तीर्थरूपांचा होता. सुवर्णमहोत्सवाच्या केकवर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं आम्ही.

टकमक_टोक

मेलो 😂😂

मुरांबा

बाप रे, आमच्याकडे पण तोच आहे. थांबा, आलो.

अबोली_रत्नागिरी

माझा अनुभव ऑपरेशनच्या वाक्याबद्दल आहे. माझ्या दिराने सासू-सासऱ्यांच्या वाढदिवसाला लिहिलं, "गेल्या वर्षीच्या आजारपणातून बाबा आईमुळे उठले." प्रेमानेच लिहिलं. पण सासऱ्यांनी ते आजारपण गावातल्या भावांपासून लपवलं होतं, कारण तेव्हा जमिनीच्या वाटणीचं बोलणं चालू होतं आणि हे खचलेत असं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. दिवसभर फोन. सासरे रागावले नाहीत, गप्प राहिले. ते जास्त लागलं.

माझं मत, तब्येतीचं काहीच नको. बरे झाले तरी नको.

वैद्यबुवा_मिरज

एवढंही टोकाचं नको. आमच्या वडिलांची बायपास झाली तेव्हा अख्खी गल्ली रक्त द्यायला आली होती. ते स्वतः शर्टाची बटणं काढून टाके दाखवतात. त्यांच्याबद्दल लिहिताना बायपास वगळली तर लोक विचारतील, अरे विसरलास काय? काका म्हणतात तेच, माणसाने स्वतः उघड केलं आहे का ते बघायचं.

गोदाकाठची

पण इथे फसगत होते बरं का. बाबांनी उघड केलेली गोष्ट आईलाही उघड करायची आहे असं नसतं. लग्नाच्या वाढदिवसाची पोस्ट दोघांची असते. आमचे बाबा पळून जाऊन लग्न केल्याचं रंगवून सांगतात. आईला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण तिचे वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत.

नानिवडेकर_काका

गोदाताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मान्य.

खमंग_काकडी

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वाढदिवस तिथीने की तारखेने? आमच्या घरी तिथीने औक्षण आणि तारखेला केक, म्हणजे दोनदा शुभेच्छा आणि दोनदा भांडण. आणि पोस्टऐवजी उखाणा का नाही करत? दोन ओळीत काम होतं आणि आपोआप मोजकंच बोललं जातं.

बिनधास्त_बंड्या

"ऑनलाइन भरते बिल, कुकरला होते शिट्टी, ... रावांचा पिन बदलला, आता झाली सुट्टी."

खमंग_काकडी

शिट्टी-सुट्टी! नको, पोस्टच बरी.

सावनी_के

हसून हसून पुरेवाट. पण मूळ अडचण तिथेच आहे. वादळं गेली, बांगड्या गेल्या, ऑपरेशन गेलं, "मागितलं नाही" गेलं. उरलं "उदंड आयुष्य देवो". आता भरू काय?

नानिवडेकर_काका

मुलं मजकूर घेऊन आली की मी कागद बाजूला ठेवून विचारायचो, तुमच्या घरी पाहुणा दोन दिवस राहिला तर त्याला तुमच्या आई-वडिलांचं काय दिसेल? कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, चहा कोण करतं, पेपर आधी कुणाकडे जातो, कशावरून रोज कुरबूर होते. पाहुण्याला दिसतं ते गुपित नसतं, आणि तरी ते फक्त तुमच्याच घरातलं असतं. सांगा बघू, पाहुण्याला काय दिसेल?

सावनी_के

पाहुण्याला? सकाळी शब्दकोडं दिसेल. आई पेन्सिलने सोडवते, आणि क्रिकेटचे शब्द तिला येत असले तरी बाबांसाठी रिकामे ठेवते. बाबा ते पेनने भरतात आणि बऱ्याचदा चुकीचे भरतात. मग आई "अहो, पेन कशाला?" हे रोज. ती त्यांना नावाने हाक मारत नाही आणि तेही तिला नाही, दोघं "अहो" आणि "अगं" वर ४० वर्षं निभावतायत.

आणि अल्बम. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं पाण्यात गेलं, त्यात लग्नाचा अल्बमही. फोटो प्लास्टिकला चिकटून लगदा झाला होता. मी म्हटलं टाकून देऊ. दोघांनी ऐकलं नाही. एका फोटोत बाबांचा चेहरा पूर्ण पुसला गेलाय, फेटा तेवढा शाबूत. बाबा येईल त्याला तो फोटो दाखवतात. "फेटा भाड्याचा होता, म्हणून टिकला."

टकमक_टोक

अहो बाई, हे हाताशी असताना तुम्ही "अनेक वादळे झेलली" लिहित होता?!

जुना_मदरबोर्ड

+१. आणि पूर सगळ्या गावाने पाहिला, तेव्हा त्यात झाकण्यासारखं काही नाही. तुम्हाला त्यांचं सोसणं सांगायचंच असेल तर हे आलं की. दुकान आणि बांगड्यांना हात न लावता.

अबोली_रत्नागिरी

फोटो सोडवले कसे ते सांग ना! आमच्याकडे पण एक गठ्ठा चिकटून बसलाय, कुणी हात लावत नाही.

सावनी_के

@अबोली, चिखल ओला असतानाच काम झालं हे नशीब. बाबांनी परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन अल्बमची पानंच्या पानं बुडवली. थोड्या वेळाने प्लास्टिक आपोआप सुटायला लागलं. ओढायचं नाही, ओढलं की रंग प्लास्टिकबरोबर येतो. रंगीत बाजूला बोटही लावायचं नाही, ती बाजू ओली असताना सायीसारखी होते. मग आईने जुन्या सुती साड्यांवर फोटो चित्र वर करून एकेक पसरले, सावलीत, पंख्याखाली. वाळताना कडा वळल्या, त्या नंतर पुस्तकांखाली दाबल्या. तुमचा गठ्ठा वाळून चिकटला असेल तर पाण्यात घालण्याआधी एखादा कमी महत्त्वाचा फोटो घेऊन बघा, सगळे सुटतीलच असं नाही. आणि आधी वरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वैद्यबुवा_मिरज

"जुन्या सुती साड्यांवर पसरले" हे पोस्टमध्ये घ्या. आई डोळ्यांसमोर आली.

सावनी_के

दुसरा खर्डा. बघा:

"आई-बाबांच्या लग्नाला आज ४० वर्षं झाली. लग्नाचा अल्बम २०२१च्या पुरात भिजला, तेव्हा बाबांनी परातीत एकेक फोटो सोडवला आणि आईने तिच्या सुती साड्यांवर वाळत घातला. एका फोटोत बाबांचा चेहरा पुसला गेला, फेटा राहिला. 'फेटा भाड्याचा होता, म्हणून टिकला,' हे बाबा येईल त्याला ऐकवतात आणि आई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. रोज सकाळी शब्दकोड्यातले क्रिकेटचे शब्द ती त्यांच्यासाठी रिकामे ठेवते. ते पेनने भरतात. चुकीचे. अहो आणि अगं, तुम्हाला खूप खूप प्रेम."

गोदाकाठची

मस्त! "दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते" यात सगळं आलं.

दक्ष_नागरिक_०७

हे ठीक आहे. फक्त फ्रेंड्सना ठेवा. सोबत फोटो कोणता?

सावनी_के

तो फेट्याचाच.

जुना_मदरबोर्ड

मागे पाहुणे असतील तर बघून घ्या. जुन्या ग्रुप फोटोत कुणाचे तरी पहिले जावई उभे असतात.

सावनी_के

बापरे, आहेत! डावीकडून दुसरे. कापते.

ठसकेबाज_मावशी

सगळं वाचलं. मला हे दोन्ही पटत नाही. आई-बाबा समोर बसलेत तर त्यांना तोंडाने सांगा की. जगाला कशाला? आमच्या मुलाने माझ्याबद्दल छान लिहिलं होतं, लोकांचे फोन आले म्हणून मला कळलं. मला स्वतः येऊन काही बोलला नाही.

अबोली_रत्नागिरी

मावशी, काही माणसांना तोंडावर बोलता येत नाही हो. माझ्या नवऱ्याने आईला आयुष्यात पहिल्यांदा काही सांगितलं ते व्हॉट्सअॅप स्टेटसवर. चोवीस तासांत गेलं ते. सासूबाईंनी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ठसकेबाज_मावशी

असेलही. पण मला काही पटलं नाही.

नानिवडेकर_काका

सावनी, टाकण्याआधी दोघांना वाचून दाखवा. आश्चर्याचा धक्का वगैरे ठीक आहे, पण तो केकला ठेवा. मासिकात आम्ही मजकूर जोडप्याला दाखवल्याशिवाय छापत नव्हतो.

बिनधास्त_बंड्या

काका, मग मजाच गेली की. सकाळी उठून बघताना चेहरा कसा होतो तेच तर बघायचं असतं.

सावनी_के

आजच वाचून दाखवलं. बाबांना फेटा आवडला. "चुकीचे" यावर आक्षेप घेतला. म्हणाले, "एखाद-दुसरा चुकतो." तो शब्द ठेवलाय.

आई ऐकून जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान आहे. पण माझी बालवाडी कुठंय?" तिने खूप वर्षं बालवाडी चालवली, आजही बाजारात दाढीमिशावाले बाप्ये तिला "बाई" म्हणून वाकून नमस्कार करतात. एवढ्या चर्चेत माझ्या, भावाच्या, ताईच्या, कुणाच्याच डोक्यात ते आलं नाही. तिला बांगड्यांचं विचारलंच नाही मी, पण तिला स्वतःबद्दल काय लिहिलेलं हवं होतं ते कळलं.

आता शब्दकोड्याच्या आधी हे घातलंय: "चिपळुणातल्या कितीतरी पोरांना आईने अक्षरं गिरवायला शिकवलं, बाबांचं पेन तेवढं तिला सोडवता आलं नाही."

गोदाकाठची

वा, आई! हेच म्हणत होते मी वर.

टकमक_टोक

"बाबांचं पेन सोडवता आलं नाही" म्हणजे काय ते पहिल्या वाचनात कळत नाही. "बाबांची पेनची सवय" असं कर.

सावनी_के

केलं. ताई अजून रुसलेली आहे. तिचं म्हणणं, हे गोड आहे पण आईने केलं ते कुणालाच कळणार नाही. ती रविवारी आईला वेगळं पत्र लिहून देणार आहे, हाताने. ते वाचायला आम्हाला मिळणार नाही म्हणे.

ठसकेबाज_मावशी

ताईला माझा नमस्कार सांग.

मुरांबा

पिन बदलून आलो. पोस्ट झाली की लिंक द्या हो.

जुना_मदरबोर्ड

@मुरांबा, नवीन पिन मुलाच्या जन्माचं साल नाही ना ठेवलंत?

मुरांबा

…

अबोली_रत्नागिरी

सावनी, आज एक फोटो पाण्यात घालून बघितला. अर्धा सुटला, सासूबाईंच्या बाजूचा. सासरे अजून चिकटलेले आहेत. किती वेळ ठेवू?